नर्सबाईंचं खरं नाव

विष्णुपंत वकिलांनी चष्मा कपाळावर ढकलला, समोरचे दोन कागद पत्त्यांसारखे टेबलावर मांडले आणि म्हणाले, "बाई, मला एक सांगा. तुमच्या घरात बायका किती?"

अनुसयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रूपसिंगनं छताकडे पाहिलं. छतावरचा पंखा फिरत नव्हता, तरी तो त्याच्याकडेच बघत बसला.

"काहून? एकच हाय की," अनुसयाबाई म्हणाल्या.

"मग पुसेगावच्या बँकेनं व्याजाचा दाखला दिलाय श्रीमती नर्सबाई यांच्या नावे. आखाडा बाळापूरच्या बँकेनं दिलाय सिस्टर अनुसया यांना. आणि तुमच्या पॅन कार्डावर आहे अनुसया रूपसिंग राठोड. हट्ट्याचा दाखला अजून यायचाच आहे. तिथं काय निघतंय ते देवाला माहीत! मी एका रिटर्नमध्ये इतक्या सवती कशा नांदवू?"

हिंगोलीत विष्णुपंतांच्या बैठकीत जुलैचे शेवटचे दिवस म्हणजे लगीनघाई. व्यापारी, मास्तर, डॉक्टर, सगळे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेले. सवतींचं ऐकून सगळी सतरंजी हसली. अनुसयाबाईही हसल्या. त्या हसण्यातल्या बाई होत्या. पण पुढच्या वाक्यानं त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"बँकेनं व्याजातून कर कापून घेतलाय," विष्णुपंत म्हणाले. "कापलाय ते चांगलंच. पण तो तुमच्या नावावर धरायचा तर मूळ दाखला जोडावा लागतो, आणि त्यावर नाव तुमचंच लागतं. नर्सबाईचा कर राठोडबाईला कसा मिळेल? तिन्ही दाखले खऱ्या नावाचे करून उद्या संध्याकाळपर्यंत आणा. परवा एकतीस तारीख, मी पहाटेच सगळी रिटर्नं घेऊन ऑफिसला निघणार. राहिलात तर राहिलात."

राहून चालणार नव्हतं. पोरीला, दिपाला, पुण्यात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. शिक्षणकर्जाची फाइल हिंगोलीच्या बँकेत तयार होऊन पडली होती, फक्त आईच्या यंदाच्या रिटर्नची शिक्क्याची पावती त्यात लागायची होती. बापाची पावती चालणार नव्हती, कारण बापाला रिटर्नच नव्हतं. रूपसिंगची कमाई सगळी शेतीची. पाऊस पडला तर पिकतं आणि सरकार त्यावर कर मागत नाही, एवढंच त्याचं आर्थिक शहाणपण. पावती गेली नाही तर फी गेली नाही, आणि फी गेली नाही तर जागा दुसऱ्याच्या पोरीला. अनुसयाबाईंनी सारी नोकरी डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभं राहण्यात काढली होती. आता घरातलीच डॉक्टर पुढे चालणार होती. एका चुकीच्या नावापायी ते हुकणार असेल तर त्या स्वतःला कधीच माफ करणार नव्हत्या.

आता हे नावाचं प्रकरण झालं कसं ते सांगायलाच हवं, नाहीतर बँकांवर उगाच खापर फुटेल.

अनुसयाबाई सरकारी दवाखान्यात नर्स. पुसेगाव, बाळापूर, हट्टा अशा बदल्या झाल्या, आणि जिथं बदली झाली तिथली निम्मी पिढी त्यांच्या हातावर जन्माला आली. गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. फंडाचे पैसे हातात आले ते नेमके गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यात. मार्चमध्ये बँकेच्या मॅनेजरची अवस्था पोरगी उजवायला निघालेल्या बापासारखी असते. ठेवींचं टार्गेट गाठायचं असतं आणि दारोदार हात जोडायचे असतात. पुसेगावचा मॅनेजर रणजीत दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमीच मला या जगात आणलं, आता तुमीच वाचवा." त्याला नाही म्हणायचं तर त्याच्या जन्माची ती रात्र आठवते. पायाळू पोरगं, कंदिलाचा उजेड. दिली ठेव. मग बाळापूरचा कॅशियर नरसिंग रुसला, "आमी काय सावत्र लेकरं?" दिली ठेव. हट्टेकरांनी तर गाडीच पाठवली.

आणि फॉर्म कोणी भरले? या लेकरांनीच, मोठ्या हौसेनं. त्यांनी जन्मापासून ज्या नावानं हाक मारली तेच नाव लिहिलं. खाली अनुसयाबाईंनी झोकात सही ठोकली, पण सही वाचतंय कोण? आता दाखले आणायला गेल्या तेव्हाही त्यांनी ते वाचले नव्हते. आपल्याच लेकरानं दिलेला कागद त्याच्यादेखत तपासायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं होतं. घडी घातली, पिशवीत टाकला, चहा प्याला, आशीर्वाद दिला. असल्या चांगुलपणापायी माणूस बरोबर तोंडघशी पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपसिंगनं राजदूत मोटारसायकलला सात लाथा घातल्या, आठवीला ती खोकून उठली, आणि जोडी निघाली.

पुसेगावला बँक नुकती उघडत होती. रणजीत मॅनेजर धावत बाहेर आला, पाया पडला, आणि चूक ऐकून कपाळावर हात मारला.

"बाई, पण नर्सबाई हे तुमचं नाव न्हाई?"

"म्हंजे माझ्या बापानं पाळण्यात काय नर्सबाई म्हणून हाक मारली का रे?"

रणजीतनं पॅन कार्डाची झेरॉक्स घेतली, नावदुरुस्तीचा अर्ज लिहून घेतला, नमुन्याची सही ताडून पाहिली, लेजरमध्ये लाल शाईनं नाव दुरुस्त केलं आणि नवा दाखला स्वतः टाइप केला. कर कापल्याची रक्कम, भरल्याची तारीख, चलान नंबर, सगळं बराबर. मग कपाटातून शाल काढली. बँकेत शाल कुठून आली असं विचारू नका. आपल्याकडे कोणत्याही ऑफिसच्या कपाटात फाइल सापडणार नाही पण सत्काराची शाल सापडते.

"शाल नको, उशीर व्हायलाय," अनुसयाबाई म्हणाल्या.

"असं कसं? मागच्या खेपेला गडबडीत शाल राहूनच गेली."

शाल झाली, नारळ झाला, चहा झाला. आणि या खेपेला अनुसयाबाईंनी चष्मा लावून, रणजीतच्या तोंडादेखत, दाखल्याचं अक्षर न् अक्षर वाचलं. रणजीतला मुळीच राग आला नाही. उलट तो त्यांच्यामागून वाकून स्वतःच मोठ्यानं वाचायला लागला.

बाळापूरला बाजारामुळं रस्ता माणसांनी आणि बैलांनी तुंबलेला. नरसिंग कॅशियरनं बाईंना पाहताच पिंजऱ्याला आतून कडी घातली आणि समोरच्या रांगेला सांगितलं, "जरा थांबा, माझी नर्सबाई आली." रांगेतला एक म्हातारा चिडून म्हणाला, "अन् माझे पैसे?" त्यावर रांगेतलीच एक बाई त्याला म्हणाली, "गप बस ना बाबा, तुझ्या नातवाची नाळ त्यांनीच कापली." मग म्हाताऱ्यानंच बाईंसाठी खुर्ची सरकवली. इथंही कार्ड, अर्ज, सही, नवा दाखला. इथंही शाल-नारळ. नरसिंगनं आईला घरून बोलावून घेतलं, तिनं पिठलं-भाकरी बांधून दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन शाली, दोन नारळ आणि गाठोडं घेऊन अनुसयाबाई गाडीवर बसल्या तेव्हा त्या बाईपेक्षा देवीच जास्त दिसत होत्या.

"आता हट्टा," त्या म्हणाल्या. "हाणा जोरात. तिथं तर माझं अर्धं गाव हाय, अर्ध्या घंट्यात काम."

हट्ट्याला पोचेपर्यंत बँकेचं गिऱ्हाइकांचं कामकाज आटोपलं होतं. शिपायानं बाईंना ओळखून दार किलकिलं केलं आणि दोघांना आत घेतलं. पण आत कोणी धावत आलं नाही. जुन्या मॅनेजरची बदली झाली होती. नवे मॅनेजर तिकडे भोपाळकडचे, महिन्यापूर्वीच आलेले, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही फालतू कागद नाही. त्यांचा जन्म कोणाच्या हातावर झाला होता देव जाणे, अनुसयाबाईंच्या तर नव्हताच.

त्यांनी लेजर उघडलं. नाव होतं, 'नर्सबाई, सरकारी दवाखाना, हट्टा.'

"ये तो पता है," मॅनेजर म्हणाले. "नाम कहाँ है?"

अनुसयाबाईंनी पॅन कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. सही ताडली, ती जुळली. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. कार्ड अनुसया राठोडचं आहे हे त्यांना पटलं, पण लेजरमधली नर्सबाई म्हणजे हीच अनुसया, हे कुठं लिहिलंय? खात्याची ओळख आता काटेकोर घ्यायची असे नवे नियम आले होते. या शाखेचा एखादा खातेदार, जो यांना नावानं ओळखतो, त्यानं तसं सांगून लेखी द्यावं, मग लगेच दुरुस्ती आणि दाखला.

"एवढंच व्हय?" अनुसयाबाई खुशीत म्हणाल्या. "बोलवा रे गावाला!"

बोलवायची गरजच नव्हती. नर्सबाई आल्या ही बातमी गावात केव्हाच पसरली होती. बँकेच्या खिडक्यांना माणसं लटकली होती. शिपायानं दार उघडलं तशी बायका आत घुसल्या. एकीनं नातू पुढे केला, "बाई, याचं वजन भरंना." दुसरीनं बाही वर करून रक्तदाबासाठी दंड पुढे धरला. एका हौशी बापानं पोरगं उचलून सोनंतारणाच्या नाजूक काट्यावर ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा मॅनेजर पहिल्यांदा खुर्चीतून उठले.

"एक मिनट! पहले बताइए, इनको कौन जानता है?"

सगळ्यांचे हात वर. काट्यावरच्या पोराचासुद्धा.

"अच्छा. इनका नाम?"

"नर्सबाई!" सगळी बँक एका सुरात म्हणाली.

"ओहो, असली नाम!"

आणि मग जे झालं ते अनुसयाबाईंना कधी स्वप्नातही वाटलं नसतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांच्या घरी त्या मध्यरात्री चिखल तुडवत गेल्या होत्या, ज्यांच्या बाळंतिणींना स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं होतं, त्यांच्यापैकी एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. एक म्हणाला कमलबाई. एक म्हणाला, "राठोड सिस्टर, पुढचं न्हाई ठावं." पेमा नावाची म्हातारी, जिची चारही पोरं बाईंनी जगवली, ती खजील होऊन पुढे आली. "बाई, कधी इचारलंच न्हाई वो. नर्सबाई म्हणलं की तुमी येत व्हत्या, मंग नाव कशाला लागतंय?"

मागून कोणीतरी शहाण्यानं टेबलावरचं कार्ड वाचायला मान लांब केली. मॅनेजरनी कार्ड उलटं करून त्यावर पेपरवेट ठेवलं. "देख के नहीं."

अनुसयाबाईंनी पेपरवेटखालच्या कार्डाकडे पाहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. एवढी वर्षं या गावानं डोक्यावर घेतलं आणि नाव कोणी विचारलं नाही. पण वाईट वाटून घ्यायला वेळ कुठं होता? मॅनेजर घड्याळाकडे बघत होते, आणि तिकडे विष्णुपंत पिशवी भरत असणार. दिपाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात त्यांना आठवलं. हट्ट्याला दोघं क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा रूपसिंगनं कापसाच्या पैशासाठी याच बँकेत खातं उघडलं होतं! आणि ते अजून चालू होतं.

"साहेब, हे खातेदार हायत," त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून पुढे ओढलं. "हे वळखतात मला. नावानिशी."

शिपायानं खातं शोधलं. होतं. मॅनेजर खूश झाले. "बहुत बढ़िया. बोलिए भाईसाब, इनका नाम?"

रूपसिंगनं टोपी काढली. टोपी परत घातली.

"दिपाची माय," तो म्हणाला.

"वो रिश्ता हुआ. नाम?"

"आमच्या घरचे."

"नाम, भाईसाब, नाम!"

रूपसिंगचे कान लाल झाले. तीस वर्षं झाली होती लग्नाला. तांड्यावर जुन्या वळणाचा माणूस बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही, आणि रूपसिंग तर चारचौघं नसतानाही घेत नव्हता. 'अगं', 'ऐकलं का', 'दिपाची माय' यांवर सगळा संसार झाला होता. त्याच्यासमोर बैल सोडला असता तर तो शिंगं धरून उभा राहिला असता. पण हे त्याच्या जिभेला जमत नव्हतं.

"लिहून देतो ना साहेब," तो कळवळून म्हणाला.

"लिखना बाद में. पहले बोलिए."

क्षणभर अनुसयाबाईंच्या मनात भलतीच शंका आली, की या माणसाला आपलं नाव आठवत तरी आहे का? घेतलंच नाही कधी, तर गंजून गेलं असेल. आपल्या पोरीची डॉक्टरकी आता या माणसाच्या तोंडात अडकली आहे, आणि तो तोंड उघडत नाही.

"अवं, बोला की!" त्या ओरडल्या. "काहून मुकं होऊन राहिलात? पोरीचं वाटोळं करता का?"

तेव्हा पेमा म्हातारीला युक्ती सुचली. ती टाळी वाजवून म्हणाली, "असं सुदं कसं घ्यायचं नाव? जावईबापू, उखाणा घ्या उखाणा!"

बँकेनं तेच उचललं. "उखाणा! उखाणा!" बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, पोरं काउंटरवर चढली, शिपाई स्टॅम्पच्या पॅडवर ताल धरायला लागला. मॅनेजर विचारत होते, "ये क्या हो रहा है?" आणि कोणी त्यांना सांगत नव्हतं.

रूपसिंगनं डोळे मिटले. साधं नाव घ्यायला लाज वाटते, पण उखाण्यात नाव घेणं हा रिवाजच आहे, रिवाजाला कसली लाज? त्यानं घसा खाकरला, आणि रानात पाखरं हाकलायच्या आवाजात म्हणाला,

"ठेवीवर मिळतं व्याज, व्याजावर लागतो कर,
अनुसयाचं नाव घेतो, आता सही करा बराबर!"

बँकेचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. काट्यावरचं पोरगं घाबरून रडायला लागलं, पेमानं रूपसिंगवरून बोटं मोडली, आणि गावानं "अनुसया! अनुसया!" असा घोष केला. शिपायानं मॅनेजरना अर्थ सांगितला. मॅनेजरनी तो नीट ऐकून घेतला, पेपरवेट उचललं, कार्ड सुलटं केलं, आणि मग इस्त्रीच्या शर्टाचा तो माणूस टेबलावर डोकं टेकून हसला. डोळे पुसून त्यांनी रूपसिंगकडून लेखी घेतलं, लेजरात लाल शाईनं नाव दुरुस्त केलं, दाखला टाइप करून सही-शिक्का मारला आणि स्वतः उभं राहून दोन्ही हातांनी दिला.

"लीजिए, अनुसयाजी."

अनुसयाबाईंनी तो तिथंच चष्मा लावून वाचला. नाव वाचलं, चलान नंबर वाचला, मग पुन्हा नाव वाचलं. ते पुन्हा वाचायची काही गरज नव्हती, पण त्यांनी वाचलं.

विष्णुपंतांच्या बैठकीत शिरताना त्यांनी दुरूनच ओरडून सांगितलं, "वकीलसाहेब, सवती गेल्या! एकटीच राहिले!" विष्णुपंतांनी तिन्ही दाखले मिळवून पाहिले, बचत खात्याचं व्याज पासबुकातून उतरवलं, पेन्शनचा कागद जोडला, रिटर्नचा 'सरल' फॉर्म भरला आणि सहीसाठी पुढे केला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्क्याची पावती आली आणि संध्याकाळच्या आत ती दिपाच्या फाइलला लागली. हिंगोलीच्या बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, आता काही अडत नाही, पोरीला सामान बांधायला सांगा.

पण ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट. त्या संध्याकाळी सही करून दोघं बाहेर आले तेव्हा अनुसयाबाई दोन शाली, दोन नारळ आणि न सोडलेलं पिठल्याचं गाठोडं सावरत गाडीवर बसल्या. रूपसिंगनं लाथ मारली, आणि कधी नव्हे ती राजदूत पहिल्या लाथेला उठली. उखाणा घेतल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. लाजला असेल, रागावलाही असेल, एवढ्या लोकांत आपण त्याला ओरडलो, असं अनुसयाबाईंना वाटत होतं.

त्यांच्या तांड्याच्या वळणावर मोठा खड्डा आहे. तो रोजचा. तिथं आला की रूपसिंग नेहमी म्हणायचा, "ऐकलं का, नीट धर."

आज त्यानं गाडी हळू केली. पुढे रस्ता मोकळा होता, मागे कोणी नव्हतं, उखाणा मागणारंही कोणी नव्हतं.

"अनुसया," तो म्हणाला, "नीट धर."

अनुसयाबाईंनी दोन्ही नारळ सोडून दिले आणि त्याला धरलं.